मॉडेल तेच, आतली चिप वेगळी: आपल्या फोनमध्ये काय बसवलंय हे कसं ओळखाल?

एप्रिल २०१७. चीनमध्ये ह्युवावेचा पी१० हा महागडा फोन घेतलेले ग्राहक स्टोरेजचा वेग मोजून आकडे ताडून पाहू लागले आणि गदारोळ उडाला. मॉडेल एकच, किंमत एकच. पण कुणाच्या फोनची स्टोरेज सेकंदाला साडेसातशे मेगाबाइटच्या आसपास वाचत होती, तर कुणाची जेमतेम तीनशे. कंपनीच्या ग्राहक व्यवसायाचे प्रमुख रिचर्ड यू यांनी वेइबो या चिनी समाजमाध्यमावर खुलासा केला: बाजारात फ्लॅश मेमरीची टंचाई आहे, म्हणून वेगवेगळ्या पुरवठादारांकडून वेगवेगळ्या प्रकारच्या चिपा घ्याव्या लागल्या.

टंचाई खोटी नव्हती. त्या काळात मेमरीचे कारखाने सपाट फ्लॅश सोडून थरांवर थर रचलेल्या फ्लॅशकडे वळत होते आणि या बदलात उत्पादन रोडावलं होतं. दोन ठिकाणांहून सुटे भाग घेणं यातही गैर काही नाही. गैर आहे ते ग्राहकाला न सांगणं, कारण इथे चिपांची जातच वेगळी होती.

एक ईएमएमसी, दुसरी यूएफएस. ईएमएमसीची वाट एकेरी पुलासारखी असते: एका वेळी वाचन तरी होईल किंवा लेखन तरी. यूएफएसमध्ये दोन्ही दिशांना स्वतंत्र मार्गिका असतात, त्यामुळे एखादं अ‍ॅप अपडेट होत असताना गॅलरी उघडली तरी फोन अडखळत नाही. शिवाय ईएमएमसी ५.१ या मानकात वाटेची कमाल मर्यादाच सेकंदाला ४०० मेगाबाइट आहे. तपासणीसाठी हा आकडा फार उपयोगी पडतो.

अँड्रॉइड फोनवर खात्री करायला रूट करून फोनचा पूर्ण ताबा मिळवावा लागत नाही. ‘अबाउट फोन’मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू करा. संगणकावर गूगलचं प्लॅटफॉर्म-टूल्स उतरवून घ्या आणि फोनमध्ये मेमरी कार्ड असेल तर आधी काढून ठेवा. केबल जोडा, फोनवर परवानगी द्या आणि संगणकावर प्लॅटफॉर्म-टूल्सच्या फोल्डरमध्ये कमांड विंडो उघडून हे चालवा:

```
adb shell getprop ro.boot.bootdevice
adb shell df
```

पहिल्या आज्ञेच्या उत्तरात `ufs` ही अक्षरं आली तर यूएफएस, `sdhci` किंवा `mmc` आलं तर ईएमएमसी. काही फोन इथे रिकामी ओळ देतात. मग दुसऱ्या आज्ञेची यादी पाहा. `/dev/block/sda` किंवा `sdd` अशी नावं यूएफएसची, `mmcblk0` ईएमएमसीचं. यूएफएस स्कझी नावाची आज्ञावली वापरते, म्हणून अँड्रॉइडच्या मुळाशी असलेला लिनक्स तिला संगणकाच्या हार्डडिस्कसारखंच `sd` नाव देतो. ईएमएमसी जुन्या एमएमसी कार्डाच्या कुळातली, आणि मेमरी कार्डही त्याच कुळातलं. म्हणूनच ते आधी काढायचं, नाहीतर कार्डाचंच `mmcblk` नाव पाहून उगाच धसका बसू शकतो.

यातून फक्त चिपेची जात कळते, यूएफएस २.० की २.१ हे नाही. त्यासाठी अँड्रोबेंचसारख्या अ‍ॅपने वेग मोजा आणि त्याच मॉडेलच्या इतरांच्या आकड्यांशी ताडून पाहा. मोजताना फोन थंड असावा, निदान पाव स्टोरेज रिकामी असावी, आणि चाचणी तीनदा घ्यावी. सलग वाचनाचा वेग तिन्ही वेळा ४०० च्या बराच वर असेल तर ती ईएमएमसी असूच शकत नाही. उलटा निष्कर्ष मात्र काढू नका: तापलेला किंवा गच्च भरलेला यूएफएस फोनही हळू चालतो.

कॅमेऱ्याची गोष्ट जरा वेगळी आहे. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस७ मध्ये काही फोनांत सोनीचा IMX260 सेन्सर होता, तर काहींत सॅमसंगचाच S5K2L1. दोन्ही १२ मेगापिक्सेलचे. त्यामुळे फोटोच्या तपशिलात पाहून काही उलगडत नाही. तिथे सहसा फोनचं मॉडेल लिहिलेलं असतं, सेन्सरचं नाव नाही. त्या पिढीच्या सॅमसंग फोनवर ही आज्ञा सहसा सेन्सरचं नाव देते:

```
adb shell cat /sys/class/camera/rear/rear_camtype
```

हार्डवेअरची माहिती देणारी अ‍ॅप्स यात फसू शकतात. कंपनी दोन्ही सेन्सरांचे ड्रायव्हर एकाच सॉफ्टवेअरमध्ये भरते, म्हणून काही अ‍ॅप्स दोन्ही नावं दाखवतात आणि बसवलेला कोणता ते कळत नाही. डायल करायचे गुप्त कोडही प्रचलित आहेत, पण त्या मेनूत कॅमेऱ्याचं फर्मवेअर नव्याने लिहिण्याचा पर्याय असू शकतो. त्याला हात लावू नका. चुकीचं फर्मवेअर गेलं तर चांगला कॅमेरा निकामी होतो.

हे सगळं फोन परत करण्याची मुदत संपायच्या आत करा. खरेदीच्याच दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशिलाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा, कारण ती पानं नंतर बदलता येतात. तिथे ‘यूएफएस २.१’ असं स्पष्ट छापलं असेल आणि फोनमध्ये ईएमएमसी निघाली, तर आधी विक्रेत्याकडे लेखी तक्रार द्या. दाद मिळाली नाही तर भारतात १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. नुसतं ‘१२८ जीबी स्टोरेज’ एवढंच लिहिलं असेल, तर मात्र तुमची बाजू लंगडी पडते. म्हणून मेमरीचा प्रकार तपशिलात लिहिलेला नसेल तर तो घेण्याआधीच विचारा, आणि उत्तर ईमेलवर मागा.