दंड कोणी कोणाचा धरायचा?

रस्त्याच्या कडेला पांढरी काठी घेऊन उभी असलेली व्यक्ती दिसली की मदतीला धावणारा माणूस बहुतेक वेळा एकच गोष्ट करतो. तिचा दंड पकडतो आणि तिला पुढे ढकलत नेतो. हेतू चांगला असतो, पद्धत मात्र नेमकी उलटी असते. ढकलल्या जाणाऱ्या माणसाचं शरीर पुढे असतं आणि डोळस माणूस मागे. म्हणजे खड्डा, पायरी किंवा खांब आधी भेटतो तो न दिसणाऱ्याला. शिवाय काठीचा हात अडकला तर तोही आधार जातो.

योग्य पद्धतीत दंड डोळस सोबत्याचा असतो आणि धरणारा हात दृष्टिहीन व्यक्तीचा. पकड कोपराच्या किंचित वर असते, अंगठा बाहेरच्या बाजूला आणि चार बोटं दंड आणि बरगड्यांच्या मध्ये. धरणाऱ्याचं कोपर काटकोनात वाकलेलं आणि अंगालगत. एवढं जमलं की ती व्यक्ती आपोआप सोबत्याच्या बाजूला आणि अर्धं पाऊल मागे येते. सुरुवात करताना आपल्या हाताची मागची बाजू तिच्या हाताच्या मागच्या बाजूला हलकेच लावायची. हात कुठे आहे ते तिला कळतं आणि बोटं वर सरकवून ती स्वतःच दंड पकडते. त्याआधी अर्थातच विचारायचं, “सोबत येऊ का?” आणि नको म्हटलं तर तिथेच थांबायचं.

ही पकड कोपराच्या वरच का? खांद्यावर हात ठेवला तर सोबत्याचं वळणं कळतं, पण वर-खाली होणं नीट कळत नाही. तळहात धरला तर हात मोकळा झुलतो आणि सगळे इशारे त्या झुलण्यात हरवतात. दंड मात्र धडाबरोबर हलतो. सोबती हळू झाला, वळला, पायरी उतरला की त्याच क्षणी दंडही तसा हलतो, आणि हे तोंडाने काही न सांगता पोहोचतं. पण सोबतीही कोपर अंगाजवळ ठेवून आणि हात सैल सोडून चालला तरच. हावभाव करत बोलायची सवय असलेल्या माणसाने तो एक हात बोलण्यातून वगळायचा.

मागच्या अर्ध्या पावलाचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. साध्या चालीचा वेग सेकंदाला सुमारे १.२ मीटर असतो आणि अर्धं पाऊल सुमारे ३० सेंटिमीटर. म्हणजे सोबत्याला जे भेटतं ते मागच्याला पाव सेकंदाने भेटणार. स्पर्शाला साधी प्रतिक्रिया द्यायला माणसाला ०.१५ ते ०.२ सेकंद लागतात. पाव सेकंदात पूर्ण थांबता येत नाही, पण पुढचं पाऊल आखूड करता येतं. वेग निम्मा केला की हाच अवधी दुप्पट होतो. गर्दीत, उतारावर आणि अनोळखी जागी हळू चालायचं ते यासाठीच. वेग जास्त झाल्याचं ओळखायचं कसं? दंडावरची पकड घट्ट होते किंवा हात मागे ओढला जातो. ही तक्रार ती व्यक्ती शब्दांत करेलच असं नाही.

आता एक सलग रस्ता घेऊ. गर्दीची गल्ली, शेवटी एक दार, आणि दाराच्या आत लगेच खाली उतरणारा जिना. सुरुवातीला ती व्यक्ती सोबत्याच्या उजव्या दंडाला धरून आहे, म्हणजे तिचा डावा हात पकडीत आणि काठी उजव्या हातात.

मोकळ्या रस्त्यावर दोघांची मिळून रुंदी साधारण दीड माणसाची होते. सोबत्याने जागा मोजायची ती या रुंदीने. नवशिका स्वतःपुरती फट बघून घुसतो आणि मागच्याचा खांदा खांबावर आपटतो. गल्ली इतकी आवळली की दीड माणूस मावत नाही, तेव्हा सोबती पकडलेला हात पाठीमागे, कंबरेच्या मध्यावर नेतो. हा इशारा कळताच मागची व्यक्ती आपला हात सरळ करते आणि थेट त्याच्या पाठीमागे, एक पूर्ण पाऊल अंतरावर येते. हवं तर तिची पकड घसरत मनगटापर्यंत येऊ शकते, म्हणजे अंतर आणखी वाढतं. टाचेवर पाय पडू लागले तर हात पुरेसा सरळ झालेला नाही किंवा सोबत्याने वेग कमी केलेला नाही. दोघांनीही पावलं आखूड करायची. जागा रुंद झाली की हात पुन्हा बाजूला आणायचा. “आता मोकळं आहे” असं बोलणं चालतं, पण हात आणणं विसरून चालत नाही.

गर्दीत आणखी एक गोष्ट बोलूनच सांगावी लागते, डोक्याच्या उंचीवरची. लोंबकळती ताडपत्री, पुढे आलेली पाटी, कमानीचा खालचा कोपरा. काठी जमिनीवरचं शोधते, दंडातून वरचं काही कळत नाही. “वर पाटी आहे, वाका” एवढं पुरतं. “सांभाळा!” हा शब्द मात्र निरुपयोगी. कशापासून आणि कुठल्या दिशेने हे त्यात नसतं, आणि तो ऐकून माणूस जागीच गोठतो. “इकडे”, “तिकडे” याचंही तेच. डावीकडे-उजवीकडे म्हणायचं, आणि ते तिच्या डाव्या-उजव्याप्रमाणे.

दार जवळ आलं. बिजागरी डावीकडे आहे आणि दार आपल्याकडे उघडतं. दाराचा नियम असा की दृष्टिहीन व्यक्ती बिजागरीच्या बाजूला असावी. मग मूठ सोबत्याच्या मोकळ्या हातासमोर येते, आणि उघडलेलं दार तिच्या मोकळ्या हाताला सापडतं. आपल्या प्रवासात ती उजवीकडे आहे, म्हणजे बाजू बदलावी लागेल, आणि तेही दाराच्या तोंडाशी नाही, चार पावलं आधी थांबून. तिने मोकळ्या उजव्या हाताने काठीसह त्याच दंडाला वर धरायचं, मग डावा हात सोडून सोबत्याच्या पाठीवरून सरकवत डाव्या दंडापर्यंत न्यायचा. तो तिथे पोहोचला की उजवा हातही पाठीमागून आणून तिथली पकड घ्यायची आणि डावा मोकळा करायचा. या सगळ्यात एक तरी हात कायम सोबत्याच्या अंगावर राहतो. दोघांनी एकमेकांना क्षणभर सोडून पुन्हा शोधायचं म्हटलं तर गर्दीत तेवढ्यात तिसरा माणूस मधे शिरतो.

मग सोबती सांगतो, “दार आपल्याकडे, बिजागरी डावीकडे.” पकडलेला डावा हात पाठीमागे नेऊन तो तिला आपल्या आड घेतो, कारण आपल्याकडे उघडणाऱ्या दाराची कड नेमकी बिजागरीच्या बाजूला उभ्या माणसाच्या चेहऱ्याकडे फिरते. दार तो उजव्या हाताने ओढतो. ती आपला डावा तळहात छातीच्या उंचीवर समोर धरून पुढे येते, दार तळहाताला लागलं की ते पेलते आणि मागे सोडते. सोबत्याने दोघांचं दार एका हाताने धरून ठेवण्याच्या कसरतीत पडू नये, त्यात पकड सुटते. फिरत्या दारात मात्र हे काही लागू होत नाही. शेजारचं साधं दार शोधावं हे उत्तम.

दाराच्या आत जिना लगेच सुरू होतो, म्हणून उंबरठा ओलांडताच सोबत्याने थांबायचं आणि जिन्याच्या कडेला तोंड काटकोनात करायचं. हे वळणं फार महत्त्वाचं आहे. तिरक्या दिशेने गेलं तर सोबत्याचा पाय पायरीच्या मध्यावर आणि मागच्याचा पाय कडेच्या अर्धवट बाहेर, असं होतं. सरळ झाल्यावर सांगायचं, “जिना, खाली, कठडा तुमच्या डावीकडे.” खाली की वर हे विसरलं तर बाकी माहिती वाया. ती पुढे येऊन सोबत्याच्या बरोबरीला उभी राहते, पायाच्या टोकाने पहिल्या पायरीची कड शोधते, हात कठड्यावर ठेवते. ती तयार झाल्याचं पकडीतून किंवा शब्दातून कळलं की सोबती पहिली पायरी उतरतो आणि मग कायम एक पायरी पुढे राहतो. दंड एका पायरीच्या उंचीने, म्हणजे साधारण १५ ते १८ सेंटिमीटर खाली जातो, आणि तेवढी माहिती तिच्या पायाला पुरते.

पायऱ्या मोजून सांगायच्या का? शक्यतो नको. मोजणीत एकाची चूक झाली की शेवटी पाय रिकाम्या हवेत उतरतो किंवा सपाट जमिनीवर जोरात आदळतो. माहिती हाताला मिळत असताना आकडा लक्षात ठेवायचं ओझं कशाला? लय मात्र सारखी ठेवायची. मधल्या एखाद्या पायरीवर थांबलात तर ती सपाट जागाच समजली जाते.

आणि आता ती चूक, जी अनुभवी माणसाकडूनही होते. सोबती तळाला पोहोचतो आणि म्हणतो, “संपला.” पण तो एक पायरी पुढे आहे. संपला तो त्याच्यासाठी, मागच्याची अजून एक पायरी बाकी आहे. ती सपाट समजून पाय पुढे टाकते आणि १५-१८ सेंटिमीटर खाली पडते. योग्य शब्द आहेत, “अजून एक,” आणि तिचे दोन्ही पाय खाली आल्यावर, “सपाट.” सोबत्याने तळाला पोहोचताच एक पाऊल पुढे सरकून थांबायचं, म्हणजे तिला उतरायला जागा मिळते. दंड खाली जायचा थांबला की जिना संपत आल्याचं तिला हातातूनही कळतं. चढताना सगळं तसंच, फक्त दंड वर जातो आणि वरच्या टोकाला हीच “अजून एक” चूक ठेच लागण्याच्या रूपात दिसते.

ही पद्धत सर्वांना जशीच्या तशी बसत नाही. तोल कच्चा असलेल्या वृद्ध व्यक्तीला पुढे धरायला दंड पुरत नाही. ती सोबत्याच्या हातात हात गुंतवून, अंगाचा थोडा भार त्याच्यावर टाकून शेजारी चालली तर बरं, आणि मग वेग अर्धा. लहान मूल दंडापर्यंत पोहोचत नाही, ते मनगट धरतं. कर्णबधिर व अंध व्यक्तीसोबत बोलण्याऐवजी आधी ठरवलेले स्पर्शाचे इशारे लागतात.

अजाण मदतनीस दंड पकडतोच, तेव्हा काय करायचं, यासाठीही शिकवली जाणारी एक हालचाल आहे. दृष्टिहीन व्यक्ती पकडलेला हात सैल वर उचलते, दुसऱ्या हाताने समोरच्याचं मनगट धरून बाजूला करते, आणि लगेच त्याच्याच दंडावर आपली पकड घेते. या हालचालीला हाइन्स ब्रेक म्हणतात. नाव अमेरिकेतल्या शिकागोजवळच्या हाइन्स रुग्णालयावरून आलं, जिथे १९४८ मध्ये अंध झालेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र सुरू झालं. हे भांडण नसतं, फक्त कोण कोणाला धरणार ते बदलणं असतं.

पोहोचल्यावर तिला मोकळ्या जागेत सोडून जाऊ नका. तिचा हात भिंत, खुर्चीची पाठ किंवा कठड्याला लावून द्या, “दार तुमच्या मागे, काउंटर समोर चार पावलांवर” असं सांगा, आणि “मी निघतो” हे तोंडाने म्हणा. नाहीतर तुम्ही गेल्यावरही ती तुमच्याशी बोलत राहील.