चेनचा प्रकार व रनरचे माप (छायाचित्रावरून ओळख)

बॅग, जॅकेट किंवा पँटची चेन दुरुस्त करण्यापूर्वी जवळून काढलेल्या फोटोवरून दातांचा प्रकार आणि रनरचा नंबर ठरवण्याची पद्धत. बंद केल्यावरही चेन मागून उघडत असेल तर बहुधा दाते शाबूत असतात आणि रनर झिजून फाकलेला असतो. अशा वेळी फक्त रनर बदलून काम भागते, पण तो त्याच जातीचा आणि मापाचा हवा.

कॉइल चेनमध्ये सुटे दाते नसतात. नायलॉन किंवा पॉलिएस्टरची एकच तार स्प्रिंगसारखी वळवून पट्टीवर शिवलेली असते, आणि फोटो मोठा केला की शिलाईचा दोरा दिसतो. धातूच्या चेनमध्ये पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियमचा प्रत्येक दात पट्टीच्या कडेला चिमट्यासारखा दाबून बसवलेला असतो. मोल्डेड चेनचे दाते प्लास्टिकचे, जाड आणि ठोकळेदार असतात. त्यांना सोनेरी मुलामा असला की ते धातूचे वाटतात, म्हणून रंगापेक्षा दाताची जाडी पाहावी.

नंबर म्हणजे बंद चेनच्या फक्त दातांची रुंदी, मिलिमीटरमध्ये, तीही ढोबळ. पट्टी त्यात धरायची नाही. ३ नंबरची कॉइल साधारण ४ मिमी, ५ नंबरची सुमारे ६ मिमी, तर १० नंबरची १० मिमीच्या आसपास भरते. पुष्कळ रनरच्या पाठीवर नंबर कोरलेला असतो. तो वाचता आला तर मोजण्याआधी त्यावर भरवसा ठेवावा. फोटोत तो उठून दिसावा म्हणून उजेड बाजूने तिरका पाडावा.

एक उदाहरण घेऊ. शाळेच्या दप्तराच्या फोटोत चेनला टेकवून १० रुपयांचे नाणे ठेवले आहे. नाण्याचा व्यास २७ मिमी असतो. फोटोत नाणे ५४० पिक्सेल आणि दाते १२२ पिक्सेल भरले, तर एक पिक्सेल ०.०५ मिमीचा, म्हणून दाते ६.१ मिमी, अर्थात ५ नंबर. नाणे दातांच्या पातळीतच हवे. ते वर उचललेले असेल तर मोठे दिसते आणि चेन आहे त्यापेक्षा अरुंद ठरते. फोन अगदी चिकटवण्यापेक्षा थोडा मागे घेऊन झूम करावे.

याच दप्तराचा बाहेरून काढलेला फोटो मात्र फसवतो. वरून नुसती सपाट पट्टी दिसते, दाते कुठेच नाहीत. ही उलटी कॉइल: तार आतल्या बाजूला असते. तिला साधा ५ नंबरचा रनर चढवला तर ओढायची पट्टी दप्तराच्या आत जाते. म्हणून आतला आणि बाहेरचा असे दोन्ही फोटो घेऊन उलट्या कॉइलचाच रनर मागावा लागतो.

रनरच्या आतली खाच फोटोत दिसत नाही, आणि एकाच नंबरचे वेगवेगळ्या कंपन्यांचे रनर किंचित वेगळे असतात. नवा रनर आधी चेनच्या टोकाला चढवून बोटभर सरकवून पाहावा. अडला किंवा मागे फट राहिली तर तो त्या चेनचा नव्हे.