लेकरू शी रोखून धरते तेव्हा

अडीच वर्षांचे मूल जेवता जेवता उठते, पडद्यामागे जाऊन पायाला पाय घट्ट लावून चवड्यांवर उभे राहते आणि त्याचा चेहरा लाल होतो. घरची मंडळी म्हणतात, "बिचारा किती जोर लावतो आहे." खरे तर ते मूल शी बाहेर काढण्यासाठी नव्हे, तर ती आत दाबून धरण्यासाठी झटत असते. हा एक फरक लक्षात आला नाही, तर पुढचे सगळे उपाय चुकत जातात.

बहुतेक वेळा याची सुरुवात एखाद्या टणक, दुखलेल्या शौचापासून होते. ताप येऊन गेल्यावर खाणेपिणे कमी झालेले असते, किंवा नागपूरच्या मे महिन्यात घामावाटे पाणी गेलेले असते. गुदद्वाराजवळ बारीक चीर पडते, शीला ताज्या रक्ताची रेघ लागते आणि मुलाच्या मनात शी म्हणजे दुखणे हे समीकरण पक्के होते. मग ते कळ आली की रोखते. आतडे तर आपले काम करतच असते. थांबलेल्या मळातले पाणी ते शोषत राहते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा खडा आधीपेक्षा मोठा आणि कोरडा असतो. गुदाशय ताणला गेला की कळ येणेही मंदावते. काही मुलांच्या चड्डीला मात्र दिवसभर पातळ शी लागत राहते, कारण अडकलेल्या खड्याच्या कडेने ती झिरपते. अशा वेळी जुलाब समजून ते थांबवण्याचे औषध दिले, तर अडथळा आणखी वाढतो.

समजा, अशा बारा किलो वजनाच्या मुलाच्या पोटात डॉक्टरांना खडा हाताला लागला. केळी-पपई सुरू करून तो निघणार नाही. आधी साठलेले मोकळे करावे लागते. त्यासाठी सध्या प्रथम पसंती पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पावडरला असते. ती पाण्यात विरघळवून पाजतात, आतड्यात ती जवळजवळ शोषली जात नाही आणि स्वतःसोबत पाणी मळात धरून ठेवते. साठा मोकळा करताना दर किलोला रोज एक ते दीड ग्रॅम, म्हणजे या मुलाला बारा ते अठरा ग्रॅम, तीन ते सहा दिवस देतात. त्या दिवसांत चड्ड्या खराब होणारच. नंतरची मात्रा दर किलोला सुमारे ०.४ ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या आसपास असते आणि ती शी पाहून कमी-जास्त करायची असते. रोज किंवा दिवसाआड, मऊ, न रडता झालेली शी हे लक्ष्य. लॅक्टुलोजचे सिरपही चालते, मात्र त्याने काहींना गॅस होतो. ही मात्रा अर्थातच डॉक्टरांनी तपासून ठरवायची. साबणाची वडी किंवा वारंवार एनिमा मात्र टाळावा, कारण भीती जिथे बसली आहे तिथेच तो पुन्हा हात घालतो.

"सवय लागेल" या धास्तीने आई-बाबा औषध आठवडाभरात बंद करतात आणि घोटाळा तिथेच होतो. या औषधाने आतडे आळशी होत नाही. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला आणि दुखण्याची आठवण पुसायलाच वेळ लागतो.

आहाराचे काम या औषधाच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. दिवसाला लिटरभर दूध पिणारे मूल जेवत नाही, म्हणून दूध ४००-५०० मिलीलिटरवर आणावे. बिस्किटांऐवजी वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू आणि हंगामात संत्र्याच्या रसाऐवजी पातळ सालीसकट फोडी द्याव्यात. बारा किलोच्या मुलाला दूध आणि जेवणातले धरून दिवसाला साधारण ११०० मिलीलिटर द्रव लागतो, उन्हाळ्यात थोडा अधिक. त्यापलीकडे पाणी पाजत राहिल्याने शी आणखी मऊ होत नाही.

जेवणानंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते, म्हणून नाश्ता आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच मिनिटे पॉटीवर बसवावे. तळपाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले हवेत. अधांतरी पायांनी गुदद्वाराचे स्नायू सैल पडत नाहीत, आणि भारतीय पद्धतीचे मोठे भांडे या वयाच्या मुलाला पडण्याची भीती घालते. शी झाली नाही तरी बसल्याबद्दल शाबासकी द्यावी. मूल बसायलाच घाबरत असेल, तर डायपर लावून उभ्याने होऊ द्यावी आणि पॉटीचे शिक्षण दुखणे जाईपर्यंत थांबवावे.

जन्मानंतर पहिली शी ४८ तासांनंतर झाली असेल, त्रास पहिल्या महिन्यापासूनच असेल, पोट फुगून हिरवी उलटी होत असेल, वजन वाढत नसेल किंवा पायांत अशक्तपणा असेल, तर कारण वेगळे असू शकते आणि तपासणी लांबवू नये.

बाकीच्यांना उपचार किमान दोन महिने चालतो आणि शेवटचा निदान एक महिना काही त्रास नसावा लागतो. त्यानंतरच मात्रा हळूहळू उतरवायची. उतरवताना पुन्हा खडा दिसला किंवा मूल पडद्यामागे जाऊ लागले, तर आठवडाभर वाट न बघता आधीच्या मात्रेवर परत जावे.