चकचकीत टाइल खोटी का दिसते? सांध्यात बघा

टाइल्सच्या कॅटलॉगमध्ये जे बाथरूम दिसतात त्यातले बरेचसे कुठेच बांधलेले नसतात, कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल करून रेंडर केलेले असतात. मी हेच काम करतो. एका डीलरसाठी पहिल्यांदा पान केलं तेव्हा टाइलचा फोटो शार्प होता, रंग बरोबर होता, लाइटही नीट बसवला होता, तरी ते बघून म्हणाले, "भिंतीवर वॉलपेपर लावलाय असं वाटतंय." आणि खरंच तसंच वाटत होतं. कारण शोधायला मला दोन दिवस लागले, आणि ते टाइलमध्ये नव्हतंच, दोन टाइल्सच्या मधल्या 2 मिमीच्या सांध्यात होतं.

मी काय केलं होतं तर टाइलचा फोटो घेतला, त्याच्या कडेला राखाडी रेघ काढली, ते चित्र भिंतभर रिपीट केलं आणि सगळ्याला मिळून एकच चकाकी दिली. भिंतीसमोर खिडकी होती, तिचं प्रतिबिंब भिंतीवर पडलं, ते या टाइलवरून त्या टाइलवर अखंड गेलं, मधल्या ग्राउटवरूनही गेलं. इथेच सगळं बिघडलं. ग्राउट म्हणजे सिमेंट आणि बारीक वाळू, त्यात कशाचं प्रतिबिंब दिसणार? आणि खऱ्या भिंतीवर खिडकीची चौकट एका टाइलवरून दुसरीवर जाताना थोडी तुटते, सरकते, कधी वर कधी खाली. ही मोडतोड आपण जन्मभर बघत आलोय, त्यामुळे ती नसली की काहीतरी चुकतंय हे लगेच जाणवतं, नेमकं काय ते सांगता येत नाही एवढंच.

प्रतिबिंब का तुटतं ते बघू. मिस्त्रीने कितीही काळजीने लावली तरी प्रत्येक टाइल एका पातळीत बसत नाही. समजा 300 मिमी रुंदीच्या टाइलची एक कड अर्धा मिमी वर राहिली, बोट फिरवलं तर जेमतेम कळेल एवढी. कोन निघतो साधारण 0.1 अंश. पण आरसा जेवढा फिरतो त्याच्या दुप्पट परावर्तित किरण फिरतो, म्हणजे 0.2 अंश, आणि खिडकी 3 मीटरवर असेल तर तेवढ्या अंतरात हा किरण साधारण 1 सेंटीमीटर सरकतो! अर्ध्या मिमीची चूक डोळ्यापर्यंत येताना वीसपट होऊन येते. म्हणून चकचकीत टाइलमध्ये हे दिसतं आणि मॅटमध्ये लपतं, मॅटमध्ये प्रतिबिंबच पसरट असतं ना.

तर आता मी भिंत एका सपाट चौकोनाची न करता प्रत्येक टाइल वेगळी ठेवतो आणि प्रत्येकीला उलटसुलट कोणत्याही दिशेने कमाल 0.1 अंश कल देतो. जास्त दिला तर काम वाईट केल्यासारखं दिसतं, 0.3 च्या पुढे तर भिंत कॅरमबोर्डच्या सोंगट्या मांडल्यासारखी होते. ग्राउटला वेगळं मटेरियल, त्याचा `Roughness`, म्हणजे पृष्ठभागाचा खरखरीतपणा, 0.8 च्या आसपास, टाइलचा 0.05. ग्राउट टाइलच्या पातळीपेक्षा साधारण 1 मिमी आत आणि मधे थोडं खोलगट, कारण मिस्त्री ओल्या स्पंजने पुसतो तेव्हा मधलं जरा उचललं जातं. आणि टाइलची कड कधीच चाकूसारखी धारदार नसते, ग्लेज, म्हणजे टाइलवरचा काचेसारखा थर, कडेवरून गोलावून उतरतं, त्या अर्ध्या मिमीच्या गोलाईवर लाइटची एक बारीक पांढरी रेघ चमकते. हीच रेघ टाइलला जाडी देते. पण ती पिक्सेलपेक्षाही बारीक असते (2400 मिमी भिंत 2400 पिक्सेलमध्ये बसवली तर 1 मिमीला 1 पिक्सेल), त्यामुळे सॅम्पल, म्हणजे प्रत्येक पिक्सेलसाठी तपासायचे किरण, कमी ठेवले की ही रेघ तुटकतुटक ठिपक्यांसारखी येते. म्हणून मोठं रेंडर करून मग लहान करावं लागतं.

अजून एक गोष्ट, चकाकी सगळीकडे सारखी नसते. ग्लेज काचेसारखं असतं, समोरून बघितलं तर पडलेल्या प्रकाशाचा साधारण 4 टक्के भागच परत फेकतं, समोरच्या रेषेपासून 60 अंश तिरकं बघितलं तर 9 टक्के आणि 80 अंशातून जवळजवळ 39 टक्के. म्हणून समोरच्या टाइलवर डिझाइन स्पष्ट दिसतं आणि बाजूची भिंत लांब जाताजाता आरसा होत जाते. सॉफ्टवेअर हे आपोआप करतं, फक्त `IOR`, म्हणजे अपवर्तनांक, 1.5 ठेवायचा आणि चमक वाढवायला तो ओढत बसायचं नाही. कमोड आणि बेसिनलाही तेच ग्लेज, फक्त त्यांचा पांढरा पूर्ण 1.0, म्हणजे सगळा प्रकाश परत फेकणारा, देऊ नका, 0.8 पुरे. नाहीतर आतल्या वळणावर प्रकाश इकडून तिकडे उसळत राहतो, कमी होतच नाही, आणि बेसिनचा खोलगटपणा गायब होतो.

आता पाणी. इथे बहुतेक लोक चुकतात, मीही चुकलो होतो, ओलं दाखवायचं म्हणून चकचकीत टाइलची चकाकी अजून वाढवली होती. पण पाण्याचा `IOR` 1.33, ते समोरून 2 टक्केच परत फेकतं, आणि पाण्याखाली ग्लेज असताना पाणी आणि ग्लेज यांच्या `IOR` मधला फरक थोडा असल्याने तिथून फारच कमी येतं. म्हणजे पाण्याचा सपाट थर असलेली ग्लॉसी टाइल कोरडीपेक्षा थोडी कमीच चमकते! मग ओलेपणा कळतो कशाने? थेंबांनी. थेंब भिंगासारखा वागतो, लाइटच्या बाजूला छोटा चमकदार ठिपका आणि विरुद्ध बाजूला, थेंबाच्या आत तळाशी, गोळा झालेला उजेड. रेंडरमध्ये हा आतला उजेड आला नाही आणि थेंबाखाली नुसती काळी सावली पडली तर थेंब तेलाचा किंवा काळा मणी वाटतो. बेसिनच्या सपाट कडेवर थेंब साधारण दोन मिमीपेक्षा उंच करायचा नाही, त्याहून जास्त पाणी ओतलं तर ते वर न चढता बाजूला पसरतं.

ग्राउट मात्र ओलं झालं की गडद होतं, आणि हे टाइलला होत नाही कारण ग्लेजमध्ये पाणी शिरायला छिद्रंच नाहीत. ग्राउटच्या बारीक छिद्रांत हवेऐवजी पाणी भरतं, सिमेंटचे कण आणि पाणी यांच्यातला फरक हवेच्या मानाने कमी, त्यामुळे प्रकाश प्रत्येक कणावरून लगेच मागे न वळता आत खोल जात राहतो, वाटेत जास्त शोषला जातो, कमी बाहेर येतो. कोरड्या ग्राउटचा रंग 0.5 असेल तर ओल्याला मी 0.3 घेतो, डोळ्याने जुळवलेला आकडा आहे, ग्राउटप्रमाणे बदलतो. पण ओल्याकोरड्याची सीमा सरळ रेघ नको, पाणी सांध्यातून सांध्यात झिरपतं, उभ्या सांध्यात खाली लांब, आडव्यात थोडं बाजूला, आणि कडेला हळूहळू फिकट.

त्या पानाचं शेवटी हेच केलं, टाइलचा फोटो तोच, लाइट तोच. शॉवरखाली चार उभे सांधे गुडघ्यापर्यंत गडद केले, टाइल्सना कल दिला, खिडकीची चौकट नऊ ठिकाणी तुटली. डीलरने पानावर बोट ठेवून विचारलं, "हे शूट कुठे केलं?"