मण्यारीचे पट्टे खवले मोजून काढावेत

पावसाळ्यात धायरी, आंबेगाव अशा पुण्याच्या कडेच्या वस्त्यांत साप निघाला की प्रश्न ठरलेला असतो: मण्यार की कवड्या? मण्यार जहाल विषारी, कवड्या बिनविषारी, आणि आडवे पांढरट पट्टे दोघांच्याही अंगावर. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचं उलट असतं. मानेमागचा भाग बहुधा कोरा किंवा नुसत्या ठिपक्यांचा असतो, मग बारीक, बरेचदा जोडीने येणारे पट्टे सुरू होतात आणि शेपटीकडे जास्त स्पष्ट होतात. पट्टे सुरू कुठे होतात आणि विरतात कुठे, हे साप ओळखण्यासाठी काढलेल्या चित्रात चुकलं तर ओळखच चुकते.

सर्पमित्राने पाठवलेल्या फोटोत साप सहसा वेटोळं घालून असतो. ओळखीच्या चित्रात मात्र तो वरून पाहिल्यासारखा, सैल नागमोडी, डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत उघडा हवा. हा उलगडा मोजपट्टी लावून करता येत नाही, कारण कॅमेऱ्याजवळचा भाग मोठा दिसतो आणि वळणावरचा आखडतो. तिथे खवले उपयोगी पडतात. मण्यारीच्या पाठीच्या मध्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते. समजा, दोन पट्ट्यांमध्ये त्या रांगेतले सात खवले दिसले, तर चित्रातही सातच काढायचे. फोटो कोणत्याही कोनातून घेतलेला असो, खवल्यांची संख्या बदलत नाही.

मोजताना सर्वांत जास्त फसवते ती चकाकी. मण्यारीचं अंग तुळतुळीत असतं आणि फ्लॅशचा उजेड त्यावर पांढरी रेघ उमटवतो. खरा पट्टा पांढऱ्या खवल्यांचा बनलेला असतो, त्यामुळे जवळून पाहिलं तर त्याची कड खवल्यांच्या आकाराप्रमाणे दातेरी दिसते. चकाकी खवल्यांच्या कडांची पर्वा न करता पसरते. शंका राहिली तर त्याच सापाचा दुसऱ्या कोनातला फोटो पाहावा: चकाकी सरकलेली असते, पट्टा खवल्यांवर जागच्या जागी असतो.

पार्श्वभूमी फिकट राखाडी ठेवावी. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या पट्ट्यांची टोकं कागदात मिसळतात आणि अंगाला खाचा पडल्यासारख्या वाटतात. गडद रंगावर काळं अंगच हरवतं. पालापाचोळा, विटा नकोत. सावलीही नको, ती पोटाचा रंग समजली जाते. मण्यारीचं पोट पांढरं असतं.

काही मोठ्या मण्यारींचे पट्टे इतके पुसट असतात की चित्राशी ताडून पाहणारा गोंधळतो. म्हणून बाजूला पाठीच्या खवल्यांचं मोठं केलेलं छोटं चित्र मी आवश्यक मानतो. मण्यारीची मधली रांग शेजारच्या खवल्यांपेक्षा रुंद असते, कवड्याची नसते. वेटोळ्याखाली दडलेला भाग अंदाजाने भरू नये. त्याच सापाचा दुसरा फोटो मिळेपर्यंत तेवढी जागा पेन्सिलीच्या बाह्यरेषेतच ठेवावी.