कौलांचं क्षेत्रफळ वेगळं, पाणी गोळा करणारं क्षेत्रफळ वेगळं

आठवी ते दहावीच्या मुलांनी केलेल्या पाऊसपाणी साठवणीच्या प्रतिकृती विज्ञान प्रदर्शनांत नेहमी दिसतात. थर्माकोलची शाळा, हिरव्या कागदाची हिरवळ, नळीतून वाहणारं निळं पाणी. निळा रंग मला मुळीच आवडत नाही, पण तो चालवून घेता येतो. शेजारच्या तक्त्यावर छपराचं क्षेत्रफळ लिहिलेलं असतं, ते मात्र चालवून घेता येत नाही, कारण दहातल्या बहुतेक तक्त्यांवर ते चुकीचं असतं आणि चूक ठरलेली असते. मुलं उतरत्या छपराचं माप घेतात आणि त्याला पावसाने गुणतात.

कौलांचं क्षेत्रफळ कोकणात कुणाला समजावून सांगायला नको. आढ्यापासून वळचणीपर्यंत वाशाच्या उतारावरून फीत लावायची, छपराच्या लांबीने गुणायचं, दोन्ही पाख्यांची बेरीज करायची. कौलं किती लागतील, पावसाळ्याआधी ताडपत्री केवढी आणायची, हे त्यावरून ठरतं. ते माप त्या कामापुरतं अगदी बरोबर आहे.

पाऊस मात्र उतार मोजत नाही. छप्पर जमिनीवर जेवढी जागा झाकतं, तेवढ्याच जागेवर पडणारा पाऊस ते अडवतं. सूर्य बरोबर डोक्यावर असताना छपराची जी सावली पडेल, तिचं क्षेत्रफळ म्हणजे पाणी गोळा करणारं क्षेत्रफळ. कोकणात मे महिन्याच्या पूर्वार्धात शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवशी बरोबर माध्यान्हीला ही सावली खडूने आखून मोजताही येते. छप्पर जास्त चढं केलं तर कौलं जास्त लागतात, पण सावली तेवढीच राहते आणि पाणीही तेवढंच मिळतं.

एक दुपाखी शाळा घेऊ. छपराची लांबी १८ मीटर. एका वळचणीच्या कडेपासून दुसऱ्या वळचणीच्या कडेपर्यंतचं आडवं अंतर ८ मीटर. वळचणीच्या पातळीपासून आढं २.३ मीटर उंच. एका पाख्याची आडवी रुंदी ४ मीटर, म्हणून पायथागोरसच्या प्रमेयाने उताराची लांबी सुमारे ४.६ मीटर येते. कौलांचं क्षेत्रफळ झालं १८ × ४.६ × २, म्हणजे साधारण १६६ चौरस मीटर. पाणी गोळा करणारं क्षेत्रफळ १८ × ८, म्हणजे १४४.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हंगामाचा पाऊस ३,००० मिलिमीटर धरला, तर १४४ चौरस मीटरवर ४,३२,००० लिटर पडतं. उताराचं माप धरणारा मुलगा ४,९८,००० लिहितो. जे ६६,००० लिटर आभाळातून आलंच नाही, ते त्याच्या तक्त्यावर असतं.

याच्या उलट चूकही होते. काही मुलं वर्गांच्या भिंतींची मापं घेतात, कारण ती हाताशी असतात. आपल्याकडे भिंती भिजू नयेत म्हणून वळचण चांगली बाहेर काढलेली असते. वरच्या शाळेत ती चारही बाजूंना एकेक मीटर आहे असं धरलं, तर भिंतींवरून क्षेत्रफळ येतं १६ × ६, म्हणजे ९६. एक तृतीयांश छप्पर हिशेबातून गळालं.

म्हणून माप जमिनीवर घ्यावं आणि वळचणीच्या कडेपासून घ्यावं. कडेवरून ओळंबा सोडायचा आणि तो टेकेल तिथे खूण करायची. पन्हळ नसलेल्या जुन्या इमारतीला ओळंबाही लागत नाही. पागोळ्यांनी अंगणाच्या लाल मातीत खळग्यांची ओळ पाडलेली असते, प्रत्येक खळग्यात माती धुऊन गेल्यावर उरलेले बारीक खडे असतात. समोरासमोरच्या दोन ओळींमधलं अंतर म्हणजे आपली रुंदी. मुलांना छपरावर चढवायची गरज नाही.

प्रतिकृती करताना मात्र दोन्ही मापं लागतात, आणि घोटाळा इथेच सुरू होतो. १:५० प्रमाण घेतलं तर लांबी ३६ सेंटीमीटर, आडवी रुंदी १६ सेंटीमीटर. पण पत्रा कापायचा तो ९.२ सेंटीमीटर रुंदीच्या दोन पट्ट्यांत, कारण छप्पर उतरतं आहे. कापताना घेतलेला आकडाच पुढे वहीत पाण्याच्या हिशेबाला जातो. माझा आग्रह असा की, वहीच्या एका पानावर कापायची मापं लिहावीत, दुसऱ्या पानावर पाण्याची, आणि पाण्याच्या पानावर उताराची लांबी येऊच देऊ नये.

बरोबर कोणतं, ते प्रतिकृतीच दाखवते. पण मगने छपरावर पाणी ओतून नाही. मोजून लिटरभर पाणी छपरावरच ओतलं तर छप्पर कसंही असो, खाली लिटरभरच येणार. त्यातून पन्हळीचा उतार बरोबर आहे की नाही एवढंच कळतं. प्रतिकृती खऱ्या पावसात, झाडापासून आणि भिंतीपासून दूर ठेवावी. शेजारी सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा ठेवावा. तोंडाशी निमुळती होणारी बाटली या कामाची नाही. दोन्ही पाख्यांना पन्हळ लावून पाणी एका बाटलीत आणावं आणि त्या बाटलीच्या तोंडातून पाऊस थेट आत पडणार नाही असं करावं.

डब्यात १० मिलिमीटर पाणी साठलं, तर ३६ × १६ म्हणजे ५७६ चौरस सेंटीमीटरच्या छपरावरून जास्तीत जास्त ५७६ मिलिलिटर मिळेल. उताराच्या मापाने ६६२ यायला हवं, ते येत नाही. प्रत्यक्षात ५७६ पेक्षाही कमी येतं, कारण थोडं पाणी पत्रा भिजण्यात जातं आणि थोडं उडतं. पाऊस इथे १:५० करायचा नसतो, प्रतिकृतीवर आणि शाळेवर पडतो तो सारखाच. त्यामुळे बाटलीतल्या पाण्याला २,५०० ने गुणलं की तेवढ्याच पावसात शाळेच्या छपरावरून किती पाणी येईल त्याचा अंदाज मिळतो.

हिशेबात ५७६ पेक्षा जास्त आलं तर आधी पन्हळी पाहाव्यात. पन्हळ एकाच पाख्याला असेल आणि ते पाखं वाऱ्याच्या बाजूला असेल, तर त्या पाख्याच्या अर्ध्या वाट्यापेक्षा, म्हणजे २८८ पेक्षाही जास्त पाणी येऊ शकतं. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून तिरपा येतो. वाऱ्याकडचं पाखं जे जास्त घेतं, तेवढंच पलीकडच्या पाख्याला कमी मिळतं. दोन्ही पाखी भिजत असतील तर बेरीज आडव्या मापाला धरूनच राहते. म्हणून एका बाजूची पन्हळ लावून दुप्पट करणं मला मान्य नाही.

टाकीत साठवणं आणि विहिरीत किंवा जमिनीत मुरवणं यांतला फरक मुलांना माहीत असतो, त्यावर पानं खर्च करू नयेत. त्यापेक्षा टाकी किती वेळात भरते ते काढावं. भिजण्यात, उडण्यात आणि पहिलं घाण पाणी सोडून देण्यात जाणारा भाग वजा करून कौलांसाठी ०.८ धरलं, तर या शाळेला दर मिलिमीटर पावसामागे साधारण ११५ लिटर मिळतात. ५,००० लिटरची टाकी ४३ मिलिमीटर पावसात भरते, म्हणजे जूनमधल्या एका चांगल्या पावसाच्या दिवसात. पुढचं पाणी ओसंडून जातं. शंभर मुलांना रोज दोन लिटर पिण्यासाठी धरले, तर भरलेली टाकी पंचवीस दिवस पुरते. जांभ्याच्या सड्यावरच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये तळ गाठतात, तेव्हासाठी टाकी किती मोठी हवी, हा हिशेब मुलांनी तक्त्यावर लाखांच्या आकड्याशेजारी मांडावा.