पायाचे प्लास्टर : निगा आणि कुबड्यांचा वापर

मोडलेले हाड जुळेपर्यंत पाय स्थिर ठेवण्यासाठी त्याभोवती जे कडक आवरण घालतात, त्याला व्यवहारात प्लास्टर म्हणतात. घोट्याच्या अस्थिभंगात ते बहुधा बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या खालपर्यंत असते. प्रस्तुत नोंद मुख्यतः अशा गुडघ्याखालील प्लास्टरविषयी आहे. डच लष्करी शल्यचिकित्सक अँटोनियस मॅथिजसेन यांनी प्लास्टर ऑफ पॅरिसची भुकटी कापडी पट्टीत भरून ती ओली करून गुंडाळण्याची पद्धत १८५२ मध्ये प्रसिद्ध केली, आणि आजचे पांढरे प्लास्टर तत्त्वतः तेच आहे. फायबरग्लासचे आवरण त्याहून हलके व टणक असते. दोन्ही प्रकारांत आवरणाखाली त्वचेलगत मऊ कापसाचा थर असतो, आणि निगेचे बहुतेक प्रश्न बाहेरच्या कवचापेक्षा या न दिसणाऱ्या थराशी निगडित असतात.

प्लास्टर ऑफ पॅरिस काही मिनिटांतच घट्ट होते आणि त्या वेळी पायाला ऊब जाणवते. पण घट्ट होणे म्हणजे वाळणे नव्हे. त्यातील ओल पूर्णपणे निघून जाण्यास दोन ते तीन दिवस लागतात. ओलसर प्लास्टर करडसर व गार लागते आणि त्यावर टिचकी मारल्यास बद्द आवाज येतो. वाळलेले पांढरे शुभ्र दिसते आणि खणखणीत वाजते. या काळात पाय उचलताना बोटांनी न धरता तळहातांवर तोलावा, कारण बोटांचे ठसे आत उंचवट्यासारखे उमटतात आणि पुढे कित्येक आठवडे त्वचेच्या एकाच जागी रुतत राहतात. टाचही कठीण जागेवर टेकवू नये; पोटरीखाली उशी घेऊन टाच अधांतरी ठेवावी. फायबरग्लास तासाभरात वापरण्याजोगे होते, त्यामुळे ही खबरदारी त्याला फारशी लागू नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांत पायाला सूज येते, पण कवच ताणले जात नाही. म्हणून पडून असताना पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. खुर्चीवर बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवल्यास तो तितका उंच होत नाही. बोटे दर तासाला हलवावीत. अंगठ्याचे नख दाबून सोडले असता फिकट झालेला रंग साधारण दोन सेकंदांत परतला पाहिजे. वेदनाशामक गोळी घेऊन आणि पाय उंच ठेवूनही वेदना वाढतच जाणे, दुसऱ्या व्यक्तीने बोटे हळूच ताणल्यावर असह्य कळ येणे, बोटे बधिर, गार, फिकट किंवा निळी पडणे ही स्नायूंच्या कप्प्यातील दाब वाढल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी सकाळची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे, कारण काही तासांच्या विलंबानेही स्नायू कायमचे निकामी होऊ शकतात. पुढील आठवड्यांत पोटरीत नव्याने दुखू लागल्यास शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी, आणि अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले तर तीही तातडीचीच बाब समजावी.

पाण्याने प्लास्टर ऑफ पॅरिस मऊ पडून त्याचा आधार जातो. फायबरग्लासचे कवच पाण्यात टिकते, आणि म्हणूनच ते भिजले तरी चालते असा गैरसमज होतो. वस्तुतः आतला साधा कापूस ओला राहतो, त्वचा पांढरी व लिबलिबीत होते आणि मग तिला जखम होते. आंघोळीच्या वेळी प्लास्टरच्या वरच्या काठाभोवती कोरडा टॉवेल गुंडाळावा, त्यावरून दोन प्लास्टिकच्या पिशव्या एकावर एक चढवाव्यात आणि पिशव्यांची तोंडे टॉवेलच्या वर त्वचेवर चिकटपट्टीने बंद करावीत. पट्टी करकचून आवळू नये. पाय पाण्याच्या धारेबाहेर राहील असे स्टुलावर बसून आंघोळ करावी, कारण पिशवी शिंतोडे अडवते, बुडवलेला पाय कोरडा ठेवत नाही. आंघोळ होताच पिशवी काढावी. ती तशीच राहिली तर आत साचलेल्या घामानेच कापूस दमट होतो. काठ थोडासा ओलावला असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राची गार हवा सोडावी. गरम हवेने प्लास्टरखालची त्वचा भाजू शकते. आतपर्यंत पाणी गेले किंवा कवच मऊ लागले, तर प्लास्टर बदलून घ्यावे लागते.

खाज सुटण्याचे कारण साधे आहे : घाम बाहेर जात नाही आणि एरवी चोळण्याने, धुण्याने निघून जाणारी मृत त्वचा जागीच साचते. खाज बहुधा रात्री असह्य होते आणि हात विणकामाच्या सुईकडे किंवा फूटपट्टीकडे जातो. हा मोह आवरावा, कारण दमट त्वचेवर ओरखडा सहज उठतो, तो दिसत नाही, आणि कापूस सरकून गोळा झाला तर तिथेच दाबाची जखम होते. टाल्कम पावडरही आत टाकू नये. घामाने तिचे खडे बनतात. गार हवा काठातून सोडणे, खाजेच्या जागेवर बाहेरून बोटांनी टकटक करणे किंवा दुसऱ्या पायाची तीच जागा खाजवणे एवढ्याने बऱ्याचदा भागते. भागले नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने खाज शमवणारी गोळी घेता येते. मात्र खाजेबरोबर दुर्गंधी, प्लास्टरवर उमटलेला डाग, एकाच जागी जाणवणारी ऊब किंवा ताप असेल, तर आत जखम झाली असे समजून तपासणी करून घ्यावी.

कुबड्यांचे माप चुकले की चालच चुकते. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी प्रारंभी सुमारे १२५ सेंटिमीटर लांबी, म्हणजे उंचीतून ४० वजा, धरतात आणि मग उभे करून तपासतात. कुबडीचे टोक पावलाच्या बाजूला व पुढे साधारण १५ सेंटिमीटर ठेवल्यावर तिच्या गादीत आणि काखेत दोन-तीन बोटे मावली पाहिजेत. हात सैल सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी यावी, म्हणजे ती धरताना कोपर किंचित वाकते. वजन हातांवर घ्यायचे, काखेवर नव्हे. गादी फक्त बरगड्यांशी दाबून धरायची. काखेवर लोंबकळत चालणाऱ्याच्या मज्जातंतूवर दाब येऊन मनगट लुळे पडल्याची उदाहरणे आहेत. हातांना मुंग्या येणे ही त्याची पहिली सूचना असते.

डॉक्टरांनी पाय अजिबात टेकवू नये असे सांगितले असल्यास आधी दोन्ही कुबड्या पुढे ठेवाव्यात, मग हातांवर भार घेऊन चांगला पाय त्यांच्यापर्यंत आणावा. पाऊल लहान ठेवावे. जिन्यावर क्रम बदलतो : चढताना चांगला पाय आधी वरच्या पायरीवर आणि त्यामागून कुबड्या व प्लास्टरचा पाय, तर उतरताना कुबड्या व प्लास्टरचा पाय आधी, मग चांगला पाय. कठडा मजबूत असेल तर दोन्ही कुबड्या एका हातात घेऊन दुसऱ्या हाताने तो धरावा. बसताना खुर्चीची कड चांगल्या पायाला मागून लागेपर्यंत मागे सरकावे, कुबड्या एका हातात घ्याव्यात आणि दुसऱ्या हाताने खुर्ची चाचपून मगच खाली बसावे. घसरण्याचे सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे टोकांची रबरी टोपणे : त्यांवरील खाचा झिजून ती गुळगुळीत झाली की ओल्या फरशीवर पकड राहत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा कुबडी उलटी करून ती पाहावीत आणि झिजली असल्यास बदलावीत.